बरोबर उत्तर कुणीही लिहील

मी 'कोविड बॅच'ची. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाची आमची शेवटची परीक्षा घरबसल्या झाली : एक तास, ५० गुण, सगळे बहुपर्यायी प्रश्न. त्यानंतर निदान दोन मुलाखतींत मला हसत हसत ऐकवलं गेलं, "म्हणजे तुम्ही टिकमार्कवाले इंजिनिअर." ऐकवणाऱ्यांनी स्वतः चार वर्षं 'थोडक्यात टीपा लिहा' लिहून पदवी घेतलेली. टीपा लिहा म्हणजे काय? पब्लिकेशनच्या पुस्तकातलं पान डोक्यात भरायचं आणि उत्तरपत्रिकेवर रिकामं करायचं. तीन पानं लिहिली म्हणून ते तर्काचं उत्तर होत नाही. लांबलचक आठवण होते, इतकंच.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं एमपीएससीने २०२२ साली ठरवलं, पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, अंमलबजावणी २०२५ वर गेली. त्या सगळ्या गदारोळातही दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती : पर्याय असले की पाठांतर, परिच्छेद असले की विचार. मला हे गृहीतकच मान्य नाही. पर्यायी प्रश्नाने तर्क तपासता येतो, नेमका तपासता येतो. आपल्याकडे तो तपासला जात नाही, कारण प्रश्न काढणारे सगळी मेहनत बरोबर उत्तरावर घेतात आणि उरलेले तीन पर्याय जागा भरायला टाकतात. खरा प्रश्न त्या तीन पर्यायांत असतो.

आधी वाईट नमुना. प्लेसमेंटच्या चाळणी परीक्षांत, क्लासच्या झेरॉक्सांत, कॉलेजच्या प्रश्नपेढ्यांत हा प्राणी अजून जिवंत आहे :

```c
int i = 5;
printf("%d %d %d", i++, ++i, i++);
```

"आउटपुट काय?" खाली आकड्यांचे चार संच. यातला एकही बरोबर नाही. फंक्शनला दिलेल्या तीन गोष्टींपैकी कुठली आधी सोडवायची हे सी भाषेचं प्रमाणक ठरवून देत नाही. त्यात एकच `i` मधल्या कुठल्याही बंधनाशिवाय अनेकदा बदलला, तर प्रोग्रॅमने काय करावं याची कुठलीच हमी उरत नाही. `gcc -Wall` ला विचारा, तो `operation on 'i' may be undefined` असं स्पष्ट बजावतो. तरी उत्तरपत्रिकेत एक पर्याय 'बरोबर' असतो, कारण कुणीतरी कधीकाळी टर्बो सीवर तो चालवून पाहिला होता. ज्याला भाषा खरंच कळते तो इथे अडकतो. ज्याने झेरॉक्स वाचली तो दहा सेकंदांत पुढे जातो. परीक्षेने माणसं बरोब्बर उलटी निवडली.

दोन वर्षांपूर्वी अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात नवशिक्यांच्या चाळणीसाठी तीस प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं. हा सी-छाप प्रश्न जुन्या संचात होताच. तो मी काढून टाकला आणि स्वतःचा पहिला प्रश्न लिहिला : 'बायनरी सर्चसाठी यादी कशी असावी लागते?' उत्तर : क्रमाने लावलेली. लिहून झाल्यावर कळलं की मीही तेच करतेय. बायनरी सर्च म्हणजे काय हे ठाऊक नसलेलाही ते वाक्य पाठ म्हणू शकतो.

मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, या रोजच्या प्रवासात मी त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. ज्याने वाक्य पाठ केलंय आणि ज्याने प्रोग्रॅम डोक्यात चालवून पाहिलाय, हे दोघं वेगळं उत्तर कुठे देतील? शेवटी हे सुचलं :

```python
def shodh(yadi, nav):
    lo, hi = 0, len(yadi) - 1
    while lo <= hi:
        mid = (lo + hi) // 2
        if yadi[mid] == nav:
            return mid
        if yadi[mid] < nav:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid - 1
    return -1
```

'`yadi` मधली नावं क्रमाने लावलेली नाहीत. `shodh(yadi, "Nahur")` ने 4 परत दिले. खालीलपैकी काय नक्की?'

अ) `yadi[4]` मध्ये "Nahur" आहे.
ब) "Nahur" यादीत असेलच असं नाही.
क) "Nahur" यादीत एकदाच आहे.
ड) `yadi[4]` च्या आधी "Nahur" नंतरचं नाव नाही.

पाठांतरवाला ब निवडतो. 'यादी क्रमाने नाही म्हणजे उत्तरावर भरवसा नाही' हे त्याचं वाक्य तिथे आयतं मांडून ठेवलंय. पण `return mid` पर्यंत पोहोचायचं तर आधीच्या ओळीतली तुलना जुळावीच लागते. 4 आले म्हणजे चौथ्या क्रमांकावर ते नाव आहेच, यादी कशीही विस्कटलेली असो. उत्तर अ.

आमच्या मध्य रेल्वेची स्टेशनं प्रवासाच्या क्रमाने घ्या : Ghatkopar, Vikhroli, Kanjurmarg, Bhandup, Nahur, Mulund. मोजणी शून्यापासून. Nahur शोधताना पहिली तुलना मधल्या Kanjurmarg शी होते, Nahur अक्षरक्रमात त्याच्या पुढे म्हणून शोध उजवीकडे जातो, आणि पुढचा मध्य नेमका 4, तिथे Nahur. सापडलं. त्याआधी Vikhroli आहे, म्हणजे ड पडला. एकच नाव दोनदा असायला कुणाची बंदी नाही, म्हणजे क पडला. आता Bhandup शोधा. ते Kanjurmarg च्या अलीकडचं, म्हणून शोध डावीकडे वळतो, तिथे Ghatkopar लागतं, पुन्हा डावीकडे, संपलं : -1. भांडुप मात्र यादीत तिसऱ्या क्रमांकावर शांत बसलंय. तर 'सापडलं' हे नेहमी खरं, 'नाही सापडलं' यावर मात्र क्रम नसेल तर विश्वास नाही. ही विषमता कुठल्याही टीपेत लिहिलेली मी पाहिली नाही. ती करून बघूनच कळते.

माझा पहिला मसुदा असा नव्हता, हेही सांगायला हवं. त्यात अ असा होता : '`yadi[4]` मध्ये "Nahur" आहे, कारण परत देण्याआधी तुलना केलेली असते'. बाकीचे तीन पर्याय चार-चार शब्दांचे. आमच्या एचआरमधल्या मैत्रिणीने, जिला पायथन येत नाही, पाच सेकंदांत अ सांगितला. "अगं, सगळ्यात लांब वाक्य तेच बरोबर असतं ना?" असतंच. प्रश्न काढणारा बरोबर उत्तरावर कुणी हरकत घेऊ नये म्हणून त्याला अटी आणि कारणं जोडत जातो, चुकीच्या पर्यायाची त्याला फिकीर नसते. तेव्हापासून प्रत्येक संच मी आधी विषय न येणाऱ्या कुणाला तरी सोडवायला देते. तीस प्रश्न, चार पर्याय, तर निव्वळ नशिबाने सात-आठ बरोबर यावेत. पंधरा आले तर पर्याय चुगली करतायत. मग चुगलीखोर शोधायचा. एखाद्या पर्यायात प्रश्नातलाच शब्द पुन्हा आलेला असतो. 'कधीही', 'सर्वच' असे शब्द फक्त चुकीच्या पर्यायांत असतात. 'वरीलपैकी सर्व' हा तर फुकटचा गुण, कारण दोन खरे ओळखले की तिसरा वाचायचीही गरज नाही. आणि मराठीत एक खास घोळ : प्रश्नाच्या शेवटी 'कोणती?' लिहिलं आणि चारपैकी एकच पर्याय स्त्रीलिंगी असला, की व्याकरणच उत्तर देऊन जातं.

'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?' असे प्रश्न काढणाऱ्यांशी मला वेगळं भांडायचंय. हा तर्क नव्हे. हा चष्म्याचा नंबर तपासणं आहे. नकारावर नकार चढवला की हुशार मुलगाही घाईत अडखळतो, आणि तो अडखळला म्हणून प्रश्न 'कठीण' ठरतो.

मग चुकीचे पर्याय आणायचे कुठून? डोक्यातून नाही, तिथून फक्त वेडगळ पर्याय येतात, 'प्रोग्रॅम संगणक बंद करील' छापाचे. ते कुणी निवडत नाही आणि चारांचा प्रश्न गुपचूप तिघांचा होतो. मी प्रश्न आधी पर्यायांशिवाय आमच्या इंटर्न मुलांना देते, 'दोन ओळीत उत्तर आणि कारण लिहा' म्हणून. त्यांच्या चुकांतून पर्याय मिळतात. वरचा ब तिथूनच आला. क मात्र एका मुलाच्या उत्तरातला 'फक्त' हा एक शब्द. त्याने 'नाहूर फक्त चौथ्यावर आहे' असं लिहिलं होतं.

परीक्षेनंतरची तपासणी तर आपल्याकडे जवळपास होतच नाही. एकूण गुणांनुसार वरचे सत्तावीस टक्के आणि खालचे सत्तावीस टक्के वेगळे काढायचे, आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते पाहायचं. समजा १२० मुलं, म्हणजे गट ३२-३२ चे. वरच्यांत २४ आणि खालच्यांत ८ जणांना आला, तर फरक १६, ३२ ने भागून ०.५, प्रश्न काम करतोय. फरक शून्याजवळ असला तर प्रश्न माणसं वेगळी करत नाही. फरक उणे आला, म्हणजे खालच्या गटाला जास्त आला, तर मुलांना दोष देण्याआधी स्वतःची उत्तरतालिका उघडायची. `i++` वाल्या प्रश्नाचं पितळ इथे उघडं पडू शकतं. पण हे गणित करायला प्रत्येकाने कुठला पर्याय निवडला ते साठवावं लागतं, आणि बरेच जण फक्त एकूण गुण साठवतात.

आणि काही चुका तर तपासणीच्याही आधीच्या. २७ एप्रिल २०२५ ला एमएचटी-सीईटीच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकलेले निघाले, ५ मेला फेरपरीक्षा घ्यावी लागली. दीड तासात पन्नास गणितं सोडवणाऱ्या मुलाने उत्तर काढलं, ते चारांत नाही, पुन्हा काढलं, पुन्हा नाही. त्याचा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नांतून. पर्याय झाकून दुसऱ्या माणसाने प्रत्येक प्रश्न सोडवायचा आणि मग झाकण काढायचं, एवढी एक साधी पायरी पाळली तर असा पेपर मुलांपर्यंत जात नाही. त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळ व पैसे द्यावे लागतात. 'एमसीक्यू स्वस्त पडतात' म्हणणाऱ्यांनी तपासणीचा खर्च वाचवला आणि काढण्याचा खर्चही त्याच हिशेबात बुडवला. माझा तो एक नाहूरचा प्रश्न दोन दिवसांचा आहे.

पर्यायी प्रश्नाने सगळं कळतं असं मी म्हणत नाही. कोऱ्या फाइलवर कुणी प्रोग्रॅम कसा रचतो हे त्यातून दिसत नाही, त्यासाठी आम्ही नंतर तासभर कोड लिहायला लावतोच. आणि प्रश्न फुटतात. गेल्या वर्षी नाहूरचा प्रश्न कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर फिरत होता, खाली उत्तर : 'अ'. मी प्रोग्रॅम तसाच ठेवला, पर्यायांना हात लावला नाही, फक्त 4 च्या जागी -1 केलं आणि 'काय नक्की?' ऐवजी 'कोणता निष्कर्ष योग्य?' असं विचारलं. आता उत्तर ब होतं. अ वर बरेच टिकमार्क पडले.