डाव्या हातावर आरोप नको

उजव्या हाताने दिलेले दान डाव्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. पण एका हाताचे दुसऱ्याला खरोखरच कळेनासे झाले तर?

१९६२ साली लॉस एंजेलिस येथे बोगेन व व्होगेल या शल्यविशारदांनी डब्ल्यू. जे. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका माजी सैनिकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. त्याला अपस्माराचे तीव्र झटके येत. ते एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून दोन्ही गोलार्धांना जोडणारा, सुमारे वीस कोटी तंतूंचा पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कापण्यात आला. झटके आटोक्यात आले. परंतु एक हात विजार वर ओढी, तर दुसरा खाली!

रॉजर स्पेरी व मायकेल गॅझॅनिगा यांनी त्याला रंगीत लाकडी ठोकळे दिले. चित्रातली नक्षी त्यांतून जुळवायची होती. डाव्या हाताने ती सहज जुळवली. उजव्याला मात्र जमेना. तेव्हा डावा हात मदतीला धावू लागला, इतका की त्याला आवरावे लागले. दोन्ही हातांना मोकळीक देताच एकाने जुळवावे आणि दुसऱ्याने विसकटावे, असे सुरू झाले.

कारण सरळ आहे. उजवा हात मुख्यतः डाव्या गोलार्धाच्या हुकमात असतो, डावा हात उजव्याच्या. बोलणे बहुधा डाव्या गोलार्धाकडे असते, तर नक्षी जुळवण्यात उजवा सरस ठरतो. पट्टा तुटला की एका पेढीच्या दोन वह्या होतात, आणि इकडची नोंद तिकडे जात नाही. म्हणूनच असा रोगी डोळे बांधून डाव्या हातात किल्ली दिली, तर ती चाचपून ओळखतो, पण तिचे नाव सांगू शकत नाही. हातात बळ असते, स्पर्शही कळतो; तरी 'हा हात माझे ऐकत नाही' अशी त्याची तक्रार असते.

शस्त्रक्रियेनंतरचे हे भांडण बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळते. पक्षाघाताने पट्ट्याबरोबर मेंदूच्या पुढल्या भागाचा मधला पृष्ठभागही दुखावला, तर ते अधिक टिकते, आणि कधी उजवा हातही बंडखोर होतो.

आमच्या संकेश्वर-निपाणीकडे कुणाचा हात असा वागू लागला, तर 'बाहेरचे काही लागले' म्हणणारे भेटतील, 'ढोंग आहे' म्हणणारेही भेटतील. माझ्या मते दोघेही चुकतात. ठोकळ्यांच्या त्या खेळात बरोबर उत्तर कोणाजवळ होते? ज्याला वाचा नव्हती, त्या गोलार्धाच्या हाताजवळ! तोंड ज्याला परका म्हणते, तो हात परका नसतो. फक्त त्याची बाजू मांडणारे कोणी नसते. तेव्हा अचानक असे घडल्यास अंगारा शोधण्यात वेळ न दवडता त्या माणसाला त्याच तासाला इस्पितळात न्यावे. तो पक्षाघात असू शकतो.