एकतर्फी आदेश आणि हरवलेला अर्ज

सुनावणीची तारीख चुकली, अधिकाऱ्याने एकतर्फी आदेश काढला, मागणीचा कागद हाती पडला. अशा वेळी परभणी जिल्ह्यातील आपले व्यापारी बांधव अजूनही म्हणतात, “साहेबांकडे अर्ज करू, आदेश रद्द होईल.” ही समजूत व्हॅटच्या काळातली आहे. आज ती महागात पडते.

महाराष्ट्राच्या व्हॅट कायद्यात कलम २३ (११) होते. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत नमुना ३०४ भरून, सुनावणीस हजर नव्हतो या कारणावर, त्याच अधिकाऱ्याकडे आदेश रद्द करून घेता येई. ही सवलत एकदाच मिळे. १ जुलै २०१७ पासून आलेल्या जीएसटीत कलम ७३, ७४ च्या आदेशांसाठी असा अर्जच ठेवलेला नाही. कलम १६१ चा अर्ज फक्त कागदावर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. विवरणपत्र न भरल्यामुळे निघालेला कलम ६२ चा आदेश मात्र ठरलेल्या मुदतीत विवरणपत्र, कर व व्याज भरल्यास आपोआप मागे घेतल्याचे मानले जाते.

समजा, जिंतूरच्या एका कापड दुकानदाराची १,८०,००० रुपयांची खरेदीवरील वजावट नाकारली गेली. नोटीस पोर्टलवर View Additional Notices/Orders मध्ये पडून होती आणि ईमेल जुन्या हिशेबनिसाचा होता. आदेश १० जूनला मिळाला. अपिलाची मुदत तीन महिने, म्हणजे १० सप्टेंबर. सबळ कारण दाखवल्यास अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो, त्यापुढे नाही. वादातील कराचे दहा टक्के, म्हणजे १८,००० रुपये, आधी भरावे लागतात.

येथेच बहुतेकांची चूक होते. अपिलात फक्त “नोटीस दिसली नाही” एवढेच लिहितात. पोर्टलवर टाकलेली नोटीस ही कायद्याने मान्य असलेली एक रीत आहे, म्हणून हे एकटे कारण लंगडे पडते. शिवाय कलम १०७ नुसार अपील अधिकारी प्रकरण खालच्या अधिकाऱ्याकडे परत पाठवू शकत नाही. तेव्हा खरेदीची बिले, माल आल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि पुरवठादाराचे पत्र अपिलासोबतच द्यावे. ते पूर्वी का देता आले नाहीत, हे नियम ११२ खाली तारखांसह लिहावे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडावेत. कलम ७५ (४) प्रमाणे सुनावणीची संधी दिली होती का, हेही आदेशात तपासावे.

आमचे मत स्पष्ट आहे. छोट्या दुकानदाराला आज एका चुकलेल्या तारखेसाठी आगाऊ रक्कम आणि वकील, दोन्ही लागतात. व्हॅटमधील एकदाच मिळणारी ती सवलत जीएसटी कायद्यातही यायला हवी. तोवर नोंदणीतील ईमेल व मोबाइल आपलाच आहे ना, हे आजच पाहून घ्यावे.