‘उधारी बंद’ची पाटी टिकत का नाही?

व्हिडिओत घाईत काढलेला चौकोन आज सावकाश बघू.

बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसर, लासुर्णे हा सगळा उसाचा पट्टा. आडसाली ऊस तोडायला सोळा-अठरा महिने जातात. ऊस दिल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं, असा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण खत लागतं त्याच्या कितीतरी आधी. म्हणून कृषी सेवा केंद्रात उधारी मागितली जाते.

समजा, एका गावात समोरासमोर दोन दुकानं आहेत. महिन्याचा नफा हजारांत धरू. आधी माझा, मग समोरच्याचा:

दोघं रोखीत: 40, 40
मी उधारी, तो रोख: 55, 15
मी रोख, तो उधारी: 15, 55
दोघं उधारीत: 25, 25

आता समोरचा काय करेल ते एकेक करून पक्कं धरा. तो रोखीत असेल तर मला उधारीत 55, रोखीत 40. तो उधारीत असेल तर उधारीत 25, रोखीत 15. दोन्ही वेळा उधारीच सरस. ही माझी वरचढ चाल, आणि आकडे सारखेच असल्याने त्याचीही तीच.

दोघं उधारीत गेले की एकट्याने बदलून कुणाचाच फायदा नाही, कारण 25 चे 15 होतात. हाच नॅश समतोल. समतोल म्हणजे चांगला निकाल असं समजू नका. दोघांनाही 40 मिळू शकत होते. याच पेचाला 1950 मध्ये अल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांची गोष्ट जोडली, म्हणून तो ‘कैद्यांचा पेच’.

चहावर बसून ‘दोघंही उधारी बंद’ ठरवलं तरी 55 चा मोह तसाच राहतो. पण खेळ दर महिन्याला होतो. मी शब्द मोडला तर या महिन्यात 15 जास्त मिळतात. पुढच्या महिन्यापासून तोही उधारी सुरू करतो आणि मला दर महिन्याला 15 कमी. दुकान बरीच वर्षं चालवायचं असेल, तर हा सौदा तोट्याचा.

माझं मत मात्र वेगळंच आहे. बहुतेक जण चौकोनातला आकडाच चुकीचा लिहितात. येणं बाकी म्हणजे नफा नव्हे. बुडीत रक्कम आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वजा केल्यावर त्या 25 चे 10 झाले, तर गणित फिरतं. समोरचा उधारीत असताना मला रोखीतले 15 बरे! मग वरचढ चाल उरतच नाही. समतोल दोन होतात, आणि दोन्हींत एक जण उधारीत, दुसरा रोखीत.

म्हणून पाटी लावण्याआधी मागच्या हंगामाची वही काढा. ‘तो देतो म्हणून मी देतो’ हे खरं की खोटं, ते तो चौथा आकडाच सांगेल.