उत्तर वाचण्याआधी अंदाज लिहा

चंद्र रोज कमी-जास्त का दिसतो? हा प्रश्न विचारला की अनेक जण म्हणतात, पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते म्हणून. हे उत्तर चुकीचे आहे. तरीही शाळेत बरोबर उत्तर शिकून, परीक्षेत लिहून आलेल्यांच्याही डोक्यात ते टिकून राहते. माझ्या मते याचे कारण आपल्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. आपण थेट स्पष्टीकरण वाचतो, ते पटते, आणि 'हे तर मला ठाऊक होतेच' असे वाटते. जुनी समजूत कागदावर कधी आलेलीच नसते, मग ती पकडली कशी जाणार?

म्हणून वही घ्या आणि आधी अंदाज लिहा. प्रश्न असा: इस्लामी महिन्याच्या सातव्या तारखेच्या आसपास चंद्र अर्धा असतो. त्या दिवशी मगरिबच्या वेळी तो आकाशात कुठे असेल? उत्तराखाली कारणही लिहा. कारण नसेल, तर चुकीच्या समजुतीतून आलेले बरोबर उत्तरही खपून जाते.

सावलीची समजूत खरी मानली, तर अंदाज ठरलेला आहे. सूर्य पश्चिमेला मावळत असताना पृथ्वीची सावली त्याच्या बरोबर उलट दिशेला, पूर्वेला पडते. म्हणजे अर्धा झाकलेला चंद्र पूर्वेच्या क्षितिजाजवळ हवा.

आता बाहेर जाऊन पाहा. चंद्र आकाशाच्या साधारण मध्यावर असतो आणि त्याची उजळ बाजू पश्चिमेला, सूर्याकडे असते. सावली तिथे पोहोचूच शकत नाही. पहिल्या तारखेची कोर तर मावळत्या सूर्याच्या जवळच दिसते, सावलीपासून सर्वांत दूर.

यानंतर स्पष्टीकरण वाचा. सूर्य चंद्राचा अर्धा भाग कायम उजळवतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे त्या उजळ भागाचा कमी-जास्त हिस्सा आपल्याला दिसतो. मग अंदाजाशेजारी एक ओळ लिहा: माझे कारण नेमके कुठे मोडले? 'चुकले' एवढेच लिहून भागत नाही.

ही समजूत चिवट आहे, कारण ती एका ठिकाणी खरी आहे. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडतेच. म्हणून आठवडाभराने दुसरा अंदाज लिहा: चंद्रग्रहण महिन्याच्या कोणत्या दिवसांत होऊ शकते, आणि ते दर महिन्याला का होत नाही? ग्रहण फक्त पौर्णिमेलाच होते. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

मात्र प्रश्न निवडताना काळजी घ्या. जिथे चुकीची आणि बरोबर समजूत एकच अंदाज देतात, तिथे लिहून काही उपयोग नाही. 'पौर्णिमेला चंद्र कसा दिसेल?' या प्रश्नाला दोन्ही समजुतींचे लोक 'गोल' असेच म्हणतील, आणि सावली डोक्यात तशीच राहील.