चौघांची गाडी, एकाचं पाकीट : अप-डाऊनच्या हिशेबाबद्दल थोडं

नाशिकहून रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या गाड्या सकाळी मुंबई नाक्यावर, पाथर्डी फाट्यावर उभ्या दिसतात. कुणी शिक्षक, कुणी पंचायत समितीचा, कुणी आरोग्य खात्यातला. एकाची गाडी, बाकीच्यांची कॉन्ट्री. पेट्रोलचा भाव बघता हे शहाणपणाचंच आहे. पण या गाड्यांमधली धुसफूस माझ्या कानावर कायम येते आणि ती बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून असते. उतरायचं वेगवेगळ्या ठिकाणी आणि पैसे मात्र सगळ्यांनी सारखे.

इगतपुरीच्या वाटेवरचं उदाहरण घेऊ. अंतरं हिशेबाला सोपी जावीत म्हणून गोल केलीत, त्यामुळे "दादा, दीड किलोमीटर चुकलं" असं कमेंटमध्ये लिहू नका. मुंबई नाक्याहून चौघं निघतात. एक जण २० किलोमीटरवर वाडीवऱ्ह्याला उतरतो. दुसरा २६ वर, गोंद्याला. गाडीमालक आणि चौथा थेट इगतपुरीला जातात, ४६ किलोमीटर. पेट्रोल समजा १०५ रुपये लिटर आणि गाडी देते १५ चं ॲव्हरेज. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये, एका फेरीचं पेट्रोल ३२२ रुपयांचं.

सरळ चार भाग केले तर प्रत्येकी साडेऐंशी. महिन्याचे २२ दिवस, ४४ फेऱ्या धरल्या तर वाडीवऱ्हेवाल्याचे ३,५४२ रुपये जातात. तो निम्म्या वाटेवरही जात नाही, तरी इगतपुरीवाल्यांइतकेच देतो.

मग कुणीतरी हुशार म्हणतो, किलोमीटरच्या प्रमाणात वाटू. ऐकायला एकदम न्याय्य. चौघांचे किलोमीटर मिळवले की १३८ होतात, ३२२ ला त्यांनी भागायचं. वाडीवऱ्हेवाल्याला फेरीचे साधारण ४७ रुपये येतात. पण यातही एक गोम आहे. गोंद्यानंतरच्या २० किलोमीटरमध्ये गाडीत दोघंच आहेत. त्या रिकाम्या सीटांचा भार या पद्धतीत गुपचूप आधी उतरलेल्यांवरही पडतो.

माझ्या मते बरोबर हिशेब टप्प्याचा. ज्या टप्प्यात गाडीत जेवढी माणसं, त्या टप्प्याचं पेट्रोल तेवढ्यांतच वाटायचं. पहिले २० किलोमीटर म्हणजे १४० रुपये, माणसं चार, प्रत्येकी ३५. पुढचे ६ किलोमीटर ४२ रुपयांचे, माणसं तीन, प्रत्येकी १४. शेवटचे २० किलोमीटर पुन्हा १४० रुपये, माणसं दोन, प्रत्येकी ७०. म्हणजे वाडीवऱ्हे ३५, गोंदे ४९ आणि इगतपुरीवाले प्रत्येकी ११९. बेरीज करून बघा, ३२२ च येते.

इगतपुरीवाले म्हणतील, आमच्यावर बोजा आला. पण त्यांनी दोघांनीच गाडी काढली असती तर प्रत्येकी १६१ पडले असते. चौघांमुळे ते ४२ रुपयांनी खाली आलेत. उलट वाडीवऱ्हेवाला महागडं पडतं म्हणून मोटारसायकलवर गेला, तर पहिल्या टप्प्याचे १४० तिघांत वाटावे लागतात आणि उरलेल्या प्रत्येकाचा महिन्याचा खर्च पाचशेच्या वर वाढतो. त्याला गाडीत टिकवणं हा त्यांच्याच फायद्याचा सौदा आहे.

टोलचं तर आणखी सरळ आहे. घोटीचा नाका वाडीवऱ्हे, गोंदे ओलांडल्यावर येतो. जे नाक्याआधी उतरले त्यांचा टोल शून्य. तरीही कित्येक गाड्यांत टोल पेट्रोलमध्ये मिसळून चार भाग होतात, कारण फास्टॅगचे पैसे मालकाच्या खात्यातून जातात आणि महिनाअखेरीला एकच आकडा ग्रुपवर पडतो.

दुसरी चूक परतीची. २४ तासांत परत आलं की दोन्ही वेळचे मिळून दीडपट लागतात, दुप्पट नाही. जो मालक एका वेळचा टोल गुणिले दोन करतो, तो नकळत जास्त घेतो. कापलेल्या पैशांचे मेसेज बघूनच आकडा धरावा.

त्यात १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आला. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. 'वार्षिक' शब्दाला भुलून बऱ्याच जणांनी ३,००० भागिले १२ केलं आणि महिन्याला अडीचशे धरले. रोज जाऊन-येऊन दोनदा नाका ओलांडणाऱ्याच्या २०० फेऱ्या १०० दिवसांत संपतात, म्हणजे आपल्या २२ दिवसांच्या महिन्याने साडेचार महिन्यांत. त्यामुळे पास वर्षाने नाही, फेरीने वाटायचा. फेरीला १५ रुपये, महिन्याच्या ४४ फेऱ्यांचे ६६०, इगतपुरीच्या दोघांत प्रत्येकी ३३०. मालक रविवारी सहकुटुंब मुंबईला गेला तर त्या फेऱ्या त्याच्या एकट्याच्या. आणि पास गाडीच्या नंबरवर असतो, दुसऱ्या गाडीला चालत नाही. आठवड्याआड आलटून पालटून गाड्या काढणाऱ्यांना म्हणूनच दोन पास लागतात. गणित जमतंय का, ते आधी बघा.

आता मालकाचं. "गाडी माझी, चालवतो मी, मग पेट्रोल तुम्ही तिघांनी टाका" हा प्रकार सर्रास चालतो. मला तो पटत नाही. एकटा गेला असता तरी त्याला पूर्ण पेट्रोल लागलंच असतं. टायर, सर्व्हिसिंगची झीज मात्र खरी आहे, तिच्यासाठी ७ ऐवजी ८ रुपये किलोमीटर धरा आणि मालकालाही एक डोकं मोजा. खर्चापेक्षा जास्त गोळा करणं तर धोक्याचंही आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्याने माणसं नेता येत नाहीत आणि खासगी गाडीच्या विम्यातही भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि गाडी भाड्याने चालत होती असा मुद्दा निघाला, तर क्लेमवर बोट ठेवलं जातं.

सुट्टीचं काय? एखाद-दुसऱ्या दिवसाच्या रजेचे पैसे कापू नयेत असं माझं मत. सीट त्याची राखलेली असते, गाडी तेवढंच पेट्रोल पिते आणि फटका बाकीच्यांना बसतो. आठवड्याच्या वर रजा असेल तर टप्पे नव्याने मांडायचे. मालकच रजेवर असेल तर त्या दिवसाचं कुणीच काही देणं लागत नाही.

हे सगळं गणित पाचवीच्या पोराला येईल. मग गाड्यांत होत का नाही? कारण गाडी बहुतेक वेळा साहेबांची असते आणि वाडीवऱ्ह्याला उतरणारा असतो कंत्राटी. माझ्या ओळखीतल्या एका गाडीत असाच एक ऑपरेटर दोन वर्षं सारखा वाटा देत होता. मी विचारलं, "बोलत का नाहीस?" तर म्हणाला, "सर, मुदतवाढीच्या फायलीवर सही त्यांचीच असते." त्याचे महिन्याला दोन हजार जास्त जात होते. साहेबांना बहुधा हे माहीतही नसावं, त्यांनी कधी टप्पे मांडलेच नव्हते.

म्हणून हा हिशेब मागायची वेळ खालच्यावर येऊ देऊ नये. ज्याची गाडी, त्यानेच एक तारखेला ग्रुपवर टाकावा. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलेलं ॲव्हरेज, पेट्रोलचा भाव, टप्प्यांची अंतरं आणि टोलच्या फेऱ्या, एवढ्या चारच ओळी लागतात. सीएनजी असेल तर लिटरऐवजी किलो.

सिन्नर, दिंडोरी, पिंपळगावच्या बाजूला जाणाऱ्यांनी आपल्या गाडीतली पद्धत कमेंटमध्ये लिहा. साहेबांचं नाव नको, आकडे पुरेत.