दिवसाची डबी, रात्रीची डबी



मागच्या महिन्यात निपाणीहून माझी भाची आली होती. तिला तिसरा महिना चालू आहे आणि दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उमटू लागलेत. चहा पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून दोन डब्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. "मावशी, ही सकाळची, ही रात्रीची. खडे बाजारातून घेतल्या चार महिन्यांपूर्वी, दोन्ही मिळून नऊशे रुपये. रोज लावते, तरी डाग वाढतातच आहेत की गं. आणि आता ही रात्रीची चालते का मला?"

औषधाच्या दुकानात मी बरीच वर्षे काउंटरमागे काढली आहेत, त्यामुळे डबी हातात आली की आधी मागची बारीक अक्षरे वाचायची सवय आहे. दोन्ही डब्या शेजारी ठेवून वाचायला लागले. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे पहिली पाच-सहा नावे वाचली की बहुतेक डबी कळते. इथे दोन्हीकडे तीच नावे: पाणी, ग्लिसरीन, मेणासारखे सिटाइल अल्कोहोल, थोडे तेल, सिलिकॉन. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तेल त्वचा मऊ करते आणि मेण-सिलिकॉन वरून झाकण घालतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. ओलावा देण्याचे काम एवढेच. ते काम सकाळी आणि रात्री वेगळे नसते. रात्री त्वचेतून पाणी थोडे जास्त उडते हे खरे, पण त्याला तेच क्रीम जरा जाड थरात लावले की झाले.

मग दोन डब्यांची पद्धत आली कुठून? आपल्या आज्यांच्या कपाटात 'स्नो' आणि 'कोल्ड क्रीम' असायचे, आठवते का? स्नो म्हणजे स्टिअरिक अॅसिड, पाणी आणि ग्लिसरीन यांचे क्रीम. चोळले की दिसेनासे व्हायचे, वर पावडर बसायची. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेला अफगाण स्नो कित्येक मराठी घरांत होता. कोल्ड क्रीम म्हणजे तेल, मेण आणि बोरॅक्स. ते तेलकट, म्हणून रात्री. दोन्ही मिळूनच वापरा, हे मात्र अमेरिकेत पॉन्ड्सच्या जाहिरातींनी १९१०च्या दशकात लोकांच्या गळी उतरवले. त्या काळी ती क्रीमे खरोखर वेगळ्या जातीची होती. आताच्या डब्यांत ती जात बहुतेक एकच झाली आहे, पण विकण्याची जोडी तशीच राहिली.

तरी भाचीच्या डब्यांत दोन फरक होते, आणि तेच महत्त्वाचे. दिवसाच्या डबीत उन्हापासून वाचवणारे घटक होते, वर 'एसपीएफ १५' छापलेले. रात्रीच्या डबीत यादीच्या खालच्या बाजूला रेटिनॉल होते.

आधी रात्रीची. रेटिनॉल हे 'अ' जीवनसत्त्वाचे रूप आहे. ते सुरकुत्या आणि डागांवर हळूहळू काम करते, पण उजेडात खराब होते आणि सुरुवातीला त्वचा हुळहुळी करते. म्हणून ते रात्रीच लावायचे, हा नियम खरा आहे. असे क्रीम सकाळी लावून स्कूटरवर निघालात तर गाल लाल होतील. गरोदरपणात मात्र ते बाजूला ठेवावे. या वर्गातली पोटात घ्यायची औषधे गर्भाला नक्की घातक आहेत. त्वचेवर लावलेले रक्तात फारच थोडे जाते, पण डॉक्टर धोका पत्करू देत नाहीत. भाचीचा चेहरा उतरला. तिला म्हटले, आजपर्यंत लावलेस त्याची धास्ती घेऊ नकोस, आजपासून बंद कर आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना डबी दाखव.

आता दिवसाची. मी झाकण उघडून पाहिले तर पन्नास ग्रॅमची डबी चार महिन्यांनीही अर्धी शिल्लक! इथेच डाग का वाढले ते कळले. हिशेब करा: पंचवीस ग्रॅम, एकशे वीस दिवस, म्हणजे रोज जेमतेम पाव ग्रॅमही नाही. एसपीएफचा आकडा मोजतात तो बराच जाड थर लावून. तेवढा थर चेहऱ्याला आणि मानेला द्यायचा तर तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा काढाव्या लागतात, सुमारे सव्वा ग्रॅम. त्या मापाने तिची डबी चाळीस दिवसांत संपायला हवी होती. हरभऱ्याएवढे क्रीम लावले तर पंधराचा आकडा डबीवरच राहतो, गालावर येत नाही. आणि डे क्रीम दोन बोटे भरून कुणी लावत नाही, चेहरा चिकट होतो. तुमचीही डबी चार-पाच महिने पुरत असेल तर उन्हाच्या बाबतीत ती नसल्यातच जमा.

म्हणून तिला सांगितले ते असे. साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर एकच घे. तोंड धुतल्यावर चेहरा दमट असतानाच लाव, सकाळी पातळ, रात्री जरा जास्त. सकाळी त्यावर वेगळे सनस्क्रीन, झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटे भरून. त्वचेच्या रंगाची छटा असलेले मिळाले तर वांगाला अधिक चांगले, कारण त्यातले आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवते आणि वांग त्यानेही गडद होतो. शाळेत शिकवायला जातेस, दुपारी उन्हात परतण्याआधी पुन्हा लाव, आणि तोंडावर ओढणी हवीच.

दिवसभर घरात असणाऱ्या बाईला एकच डबी दोन्ही वेळेला पुरते. तेलकट चेहऱ्याला जुलै-ऑगस्टच्या बेळगावी पावसात सकाळी काही नाही लावले तरी चालते. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तीच डबी अपुरी वाटली तर रात्री वरून चिमूटभर व्हॅसलीन लावावे. फक्त डे क्रीम रात्री लावण्यात अर्थ नाही. अपाय नाही, पण सनस्क्रीनचे पैसे अंधारात वाया, आणि काहींचे डोळे चुरचुरतात.

एका 'नाईट क्रीम'पासून मात्र लांबच राहा: पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत मिळणारे, आठवड्यात गोरे करणारे. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना असल्या क्रीमने इजा झाली. २०२३ च्या सुरुवातीला ती बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उलगडा झाला, क्रीममध्ये पारा निघाला. डबीवर घटकांची यादी आणि उत्पादन परवाना क्रमांक नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

भाचीचा परवा फोन आला. वांग आहे तसाच आहे, वाढलेला नाही. बाळंतपणानंतर तो बराचसा आपोआप फिका होतो, तोवर थांबायचे. उरलेली डे क्रीमची डबी सासूबाईंनी घेतली आहे. तंबाखूच्या कामाने हात फुटतात त्यांचे, त्या रात्री हातांना लावतात. मी म्हटले, लावू दे, ग्लिसरीन तर तेच आहे.