वारशाचा फ्लॅट विकला, पण वडिलांनी तो कितीला घेतला?

ठाण्यातल्या एका सोसायटीतला फ्लॅट मुलाने नोव्हेंबर 2025 मध्ये 90 लाखांना विकला, असे समजू. वडिलांनी तो 1984 मध्ये घेतला होता आणि 2016 मध्ये ते गेले. मूळ करारनामा सापडत नाही, बिल्डरचा पत्ता नाही. कपाटात फक्त सोसायटीचे भागप्रमाणपत्र आहे. भांडवली नफा काढायचा, तर खरेदी किंमत कुठली धरायची?

अशा वेळी माणसे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण घर फुकट मिळाले म्हणून किंमत शून्य धरतात आणि विनाकारण जास्त कर भरतात. काही जण वडील गेले त्या वर्षीचा बाजारभाव, म्हणजे येथे 2016 चा, किंमत म्हणून लावतात. हे अधिक महागात पडते. वारशाने घर मिळाले त्या दिवसाच्या किमतीला कायद्यात जागा नाही. आधीच्या मालकाला पडलेली किंमत हीच वारसाची किंमत. नफा असा कमी दाखवला आणि विभागाच्या लक्षात आले, तर कर, व्याज आणि दंड तिन्ही भरावे लागतात.

मग 1984 ची किंमत शोधत बसायचे का? नाही. आधीच्या मालकाने घर 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतले असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या दिवसाचे रास्त बाजारमूल्य धरता येते. 1984 ची किंमत हाती आली असती, तरी ती बहुधा त्याहून कमीच निघाली असती. म्हणजे हरवलेल्या कागदामुळे नुकसान होत नाही. सिद्ध एवढेच करायचे की घर 2001 पूर्वी वडिलांच्या नावावर होते. त्यासाठी भागप्रमाणपत्रावरची तारीख, सोसायटीचे पत्र, जुनी घरपट्टीची पावती उपयोगी पडते.

बाजारमूल्य मात्र अंदाजाने लिहायचे नसते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून 1 एप्रिल 2001 चा मूल्यांकन अहवाल घ्यावा. त्यातही 2020 च्या अर्थसंकल्पाने एक मर्यादा घातली आहे: त्या दिवसाचे मुद्रांक शुल्काचे मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून जास्त आकडा चालत नाही. म्हणून 2001 च्या रेडी रेकनरचा तक्ता अहवालासोबत लावून घ्यावा. तो पाहताना क्षेत्रफळ कारपेट की बिल्टअप आणि इमारतीच्या वयाचा घसारा वजा केला का, हे तपासावे. गोंधळ येथेच होतो.

आपल्या उदाहरणात मूल्यांकनकाराने साडेआठ लाख सांगितले आणि रेकनरप्रमाणे 7.80 लाख आले, असे धरू. धरायचे 7.80 लाख. दलाली 90 हजार गेली. नफा झाला 81.30 लाख.

आता दर. भारतातील रहिवासी व्यक्तीला 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी दोन हिशेब करून कमी कर निवडता येतो. येथे वडिलांचा मालकीचा काळही वारसाच्या खात्यात मोजला जातो. पहिला हिशेब 12.5 टक्क्यांचा, महागाईची वाढ न देता: कर 10.16 लाख. दुसरा 20 टक्क्यांचा, महागाईची वाढ देऊन. निर्देशांक 2001-02 साठी 100 आणि 2025-26 साठी 376, म्हणून 7.80 लाखांचे 29.33 लाख होतात, नफा 59.77 लाख उरतो आणि कर 11.95 लाख. महागाईचा लाभ घेऊन कर कमीच होणार, असे गृहीत धरणाऱ्यांना येथे धक्का बसतो. ढोबळ हिशेब असा: 2025-26 मध्ये विकलेल्या घराची किंमत 2001 च्या मूल्याच्या साधारण आठपट-साडेआठपटीहून जास्त असेल, तर 12.5 टक्केच स्वस्त. येथे ती साडेअकरापट आहे. सरचार्ज आणि सेस या आकड्यांवर वेगळे. वारस अनिवासी असेल, तर ही निवड मिळत नाही, त्याला 12.5 टक्केच.

नवे घर घेऊन कर वाचवायचा असेल, तर गुंतवणूक 81.30 लाखांच्या नफ्यावर मोजली जाते, 59.77 लाखांच्या नव्हे. दुसरा हिशेब फक्त कर किती, हे ठरवण्यापुरता आहे.

आणि वडिलांनी घर 2001 नंतर घेतले असेल तर? मग 2001 च्या मूल्याचा पर्याय नाही. त्या वर्षांतले करार सहसा नोंदवलेले असतात, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 आणि प्रमाणित प्रत मागावी. कर्ज घेतले असेल, तर बँकेच्या जुन्या फाइलमध्येही प्रत असू शकते. हे सगळे करूनही किंमत कळलीच नाही, तरच कायदा वडिलांनी घर घेतले त्या दिवसाचे बाजारमूल्य किंमत म्हणून धरू देतो. ‘कागद सापडला नाही’ आणि ‘किंमत कळणे शक्यच नाही’ यांत फरक आहे, त्यामुळे शोधाचे अर्ज आणि त्यांची उत्तरे जपून ठेवावीत.